वाऱ्याला डुलणारा पर्गोला: पायाचे बोल्ट आवळून का भागत नाही, आणि काय तपासायचं

गेली कित्येक वर्षं मी बागेतली लाकडी कामं करतो आणि दर जूनमध्ये एकाच तक्रारीचे फोन येतात. पर्गोला वाऱ्यात हलतो. नवा होता तेव्हा ठाम उभा होता, आता हात लावला तरी डुलतो. बहुतेकांनी फोन करण्याआधी पायाचे नट आवळून पाहिलेले असतात, काहींनी पायाची प्लेट बदलून जाड बसवलेली असते. पंधरा दिवस बरं वाटतं आणि मग पुन्हा तेच.

दुखणं ओळखण्याच्या खुणा अशा. वारा सुटला की जोडांतून करकर आवाज येतो. खांबाला छातीच्या उंचीवर धरून ढकललं की वरचा सांगाडा बोटभर किंवा त्याहून जास्त सरकतो आणि हात काढल्यावर दोन-तीन हेलकावे खाऊन थांबतो. हे हलणं बहुधा एकाच दिशेला जास्त असतं, दुसऱ्या दिशेला कमी. तुळई आणि खांब यांच्या जोडाशी लाकूड घासून चकचकीत झालेलं दिसतं किंवा बोल्टाचं भोक लांबट झालेलं असतं. पायाच्या प्लेटभोवती फरशीच्या सांध्यात बारीक चीर गेलेली असते. यातल्या दोन-तीन खुणा जरी दिसल्या तरी पुढचं वाचा.

आधी हलण्याचं कारण सांगतो, म्हणजे तपासण्या कशासाठी आहेत ते कळेल. पायाच्या ब्रॅकेटची कामं दोनच: खांबाचा पाय जागेवरून सरकू न देणं आणि वाऱ्याने वर उचलला जाऊ न देणं. खांब उभा ठेवणं हे त्याचं काम नाही. पाच-सहा मिलिमीटर जाडीचा पत्रा, त्यात दोन बोल्ट आणि वर आठ फूट उंचीचा खांब, म्हणजे आठ फुटांची तरफच झाली. ती तरफ पत्र्याला वाकवते, बोल्टाभोवतीचं लाकूड चेपते. म्हणून हिशेबापुरता तो पाय म्हणजे दाराची बिजागरी समजायचा. वर तुळई एका बोल्टाने खांबाला धरलेली असेल, तर ती दुसरी बिजागरी. चार कोपऱ्यांत चार बिजागऱ्या असलेला चौकोन ढकलला की तिरका होणारच. त्याला थांबवतो तो फक्त त्रिकोण, म्हणजे खांब आणि तुळई यांच्या कोपऱ्यात मारलेला तिरका टेका. हे नीट समजून न घेता पायावर कितीही पैसे घातले तरी डुलणं जात नाही.

पहिली तपासणी: कुठे वळतंय ते पाहणं. खर्च शून्य.

प्रवासाच्या बॅगांचं वजन करायला लोक घेतात तो हातातला वजनकाटा घ्या. तुळईच्या उंचीवर खांबाला दोरी बांधा आणि काट्याने आडवं ओढून 20 किलोवर धरून ठेवा. दुसऱ्याने खांबाशेजारी एक उभी काठी स्वतंत्र रोवून तिच्यावर पेन्सिलने सरकण्याची खूण करायची. एकदा लांबीच्या दिशेने, एकदा रुंदीच्या. आकडा लिहून ठेवा, कारण दुरुस्तीनंतर तीच ओढ पुन्हा देऊन फरक पाहता येतो. अंदाजाने ढकलून "आता बरं वाटतंय" म्हणण्यात काही अर्थ नसतो.

ओढत असतानाच तिसऱ्या माणसाने जोडांकडे पाहायचं. पायाशी प्लेट जमिनीवरून उचलते का? खांब प्लेटमध्ये कलतो का? की वर तुळई आणि खांबातला गुण्या, म्हणजे काटकोन, बिघडतो? प्लेट जमिनीसकट हलत असेल तर ती पायाची भानगड आहे, पुढे सांगतो. पाय जागेवर आणि वरचा कोन बदलतोय, ही नव्वद टक्के पर्गोलांची अवस्था मला सापडते.

दुसरी: वर काय घातलंय?

हे विचारल्यावर लोक जरा थांबतात. पर्गोला बांधला तेव्हा वर फक्त पट्ट्या होत्या आणि वारा त्यांतून निघून जात होता. मग उन्हासाठी हिरवी जाळी आली, पुढच्या पावसाळ्यात पॉलिकार्बोनेटचा पत्रा आला, किंवा पॅशन फ्रुटचा वेल इतका माजला की छप्परच झालं.

आपल्याकडे वाऱ्याच्या भाराचा हिशेब आयएस 875 या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागाप्रमाणे करतात. त्यात पुण्याचा मूळ वेग सेकंदाला 39 मीटर, मुंबईचा 44 मीटर धरलेला आहे. दाब म्हणजे वेगाचा वर्ग गुणिले 0.6, न्यूटनमध्ये. 39 साठी तो चौरस मीटरला जवळपास 93 किलो येतो, 44 साठी 118. वेगात पाचाचाच फरक, पण दाबात पंचवीस किलोंचा, कारण वेगाचा वर्ग होतो. जागा, उंची आणि आडोसा यांनुसार यात फेरफार होतात. तरी 10 बाय 12 फुटांच्या पर्गोलावर पत्रा टाकलात आणि वाऱ्याने त्याला खालून या दाबाच्या निम्म्यानेही उचललं, तर एकूण ओढ 500 किलोंच्या आसपास जाते, खांबामागे सव्वाशे. साध्या पट्ट्यांच्या पर्गोलाचे जोड त्यासाठी केलेलेच नसतात.

म्हणून जाळी असेल तर मेअखेरीला उतरवून ठेवा. वेल छाटा. पत्रा असेल तर तो पर्गोला राहिलेला नाही, ती शेड झाली. तिच्यासाठी या लेखातली दुरुस्ती पुरेशी धरू नका.

तिसरी: पेचकस टोचून पाहा.

पायाच्या ब्रॅकेटच्या लगत, चारही अंगांनी, मोठा पेचकस खांबात दाबा. निरोगी सागात किंवा किंजळात टोक दोन-तीन मिलिमीटरच्या पुढे जात नाही. ते सहज बोटभर आत गेलं, लाकूड ओलं आणि तपकिरी भुग्यासारखं निघालं, किंवा ठोकल्यावर पोकळ वाजलं, तर खांब कुजलाय नाहीतर वाळवी आहे. अशा खांबावर टेका मारू नका. आधी वरचा सांगाडा बल्ल्यांवर उचलून धरायला लागतो आणि ते काम जाणत्या सुताराचं आहे.

कूज बहुतेकदा खांबाच्या तळाच्या कापातून चढते, कारण लाकडाचे धागे तिथे उघडे असतात आणि ते पाणी वर ओढतात. चांगल्या ब्रॅकेटमध्ये खांबाचं बूड जमिनीपासून इंचभर तरी उचललेलं असतं. खांब थेट काँक्रीटवर टेकवला असेल, किंवा सुंदर दिसावं म्हणून ब्रॅकेटभोवती फरशी चढवून पाणी साठायची जागा केली असेल, तर ते आधी मोकळं करा.

चौथी: नट आवळा, पण योग्य ठिकाणचे आणि योग्य वेळी.

लाकूड सुकलं की आकसतं. पावसाळ्यानंतर बांधलेल्या पर्गोलाचे नट पुढच्या एप्रिलपर्यंत हाताने फिरतील इतके ढिले होतात. आधी वरचे आवळा, मग खालचे. वायसर लाकडात रुतायला लागला की थांबायचं, त्यापुढे आवळणं म्हणजे धागे चेचणं. बाजारात बोल्टाबरोबर मिळणारे छोटे वायसर लाकडासाठी उपयोगाचे नाहीत, किमान दीड इंची रुंद वायसर टाका. 12 मिमीच्या बोल्टाला भोक 13 मिमीचं पुरे. 16 मिमीच्या भोकात 12 मिमीचा बोल्ट असेल तर कितीही आवळा, तो सरकणारच. तिथे भोक 16 मिमीच्या बोल्टानेच भरून काढावं, मात्र लाकूड चिरलेलं नसेल तरच.

समुद्राजवळ एक गोष्ट जास्तीची पाहा: नट सोडवताना बोल्टाचा मधला भाग बारीक झालेला आहे का. बाहेरून डोकं चांगलं दिसतं आणि आत भोकात खाऱ्या हवेने तो सुतळीएवढा उरलेला मी पाहिलाय. किनाऱ्यावर मी 316 ग्रेडचे स्टेनलेस बोल्टच वापरतो.

पाचवी: तुळई कशावर बसलीय?

खांबाच्या दोन अंगांना दोन फळ्या आणि आरपार एक बोल्ट, ही आपल्याकडची सगळ्यात आवडती रचना. करायला सोपी, दिसायलाही छान. पण यात तुळई बोल्टावर लटकलेली असते. सगळं वजन त्या एका सळईवर आणि लाकडाच्या तेवढ्याच भागावर येतं, आणि वाऱ्याच्या प्रत्येक झोक्याला तुळई त्याच सळईभोवती फिरते. भोक लांबट होतं ते यामुळे.

खांबाला दोन्ही अंगांनी पाऊण इंचाची खाच असेल आणि फळ्या त्या खाचेच्या खांद्यावर बसल्या असतील तर वजन खांदा घेतो, बोल्ट फक्त फळ्या आवळून धरतो. तयार पर्गोलात खाच घेता येत नसेल, तर तुळईच्या खाली खांबाला लाकडाचा ठोकळा दोन बोल्टांनी मारून त्यावर तुळई टेकवा. शिवाय दुसरा बोल्ट घाला, पहिल्याच्या तिरक्या रेषेत. दोन्ही बोल्ट एकाच उभ्या धाग्यात आले तर लाकूड तिथून चिरतं. बोल्ट फळीच्या टोकापासून त्याच्या जाडीच्या सातपट तरी आत हवा, 12 मिमीला सव्वातीन इंच.

सहावी: टेके आहेत का, किती लांब, आणि दोन्ही दिशांना?

खरी दुरुस्ती इथे आहे, म्हणून एक काम सविस्तर सांगतो.

दापोली तालुक्यात समुद्रापासून हाकेच्या अंतरावर एक घर आहे. 2020 च्या 3 जूनला निसर्ग वादळ याच किनाऱ्याला भिडलं होतं, त्यामुळे तिथले लोक वाऱ्याला हलक्यात घेत नाहीत. पर्गोला त्यानंतर बांधलेला. 10 बाय 12 फूट, सागाचे 4 इंची चार खांब, उंची 8 फूट. बारा फुटांच्या दोन बाजूंना जोडफळ्यांच्या तुळया आणि त्यांवर आडवे नऊ वासे. मालककाकांनी दोन वर्षांत पायाची प्लेट जमिनीला धरणारे फास्टनर दोनदा बदलले होते. "आता याहून जाड फास्टनर मिळत नाही," ते म्हणाले. काट्याने 20 किलो ओढलं तर लांबीच्या दिशेला 14 मिमी सरकला, रुंदीच्या दिशेला 38. पाय एकाही खांबाचा हलला नाही.

लांबीच्या दिशेला टेके होते, पण एकेक फुटाचे, शोभेचे, टोकाला दोन-दोन स्क्रू मारलेले. लहान टेका का चालत नाही त्याचा हिशेब सोपा आहे. वाऱ्याचा समजा एका खांबाच्या वाट्याला 50 किलोचा आडवा धक्का आला. पाय बिजागरीसारखा आहे, म्हणून तो धक्का पायाशी आठ फूट खाली झेलला जातो आणि टेका त्याला वरून फक्त एका फुटावर अडवतो. आठाला एक, म्हणजे टेक्यावर आडवा जोर 400 किलो. टेका 45 अंशात तिरका, म्हणून त्याच्या लांबीतून जाणारा जोर आणखी 1.4 पट, साधारण 565 किलो. दोन स्क्रू हे कसे पेलणार? तेच टेक्याचं टोक खांबावर वरून अडीच फुटांवर आणलं, तर आठाला अडीच म्हणजे 3.2 पट, आडवा जोर 160 किलो, तिरका 226. लाकूड तेच, धक्का तोच, फक्त टेका लांब केला आणि जोडावरचा ताण निम्म्याहून खाली आला.

म्हणून तुळईवर अडीच फूट आणि खांबावर अडीच फूट, असा 45 अंशाचा टेका मी धरतो. दोन फुटांच्या खाली शक्यतो जात नाही. डोक्याला लागेल अशी भीती असते, पण तो कोपऱ्यात असतो आणि कोपऱ्यातून कुणी ये-जा करत नाही.

रुंदीच्या दिशेला टेकेच नव्हते, आणि कारण मला कामात वारंवार दिसतं तेच: टेका बांधायला तिथे तुळईच नसते. वर असतात फक्त वासे, आणि ते तुळईवर एका तिरक्या स्क्रूने ठेवलेले. त्यांना टेका मारला तर वाऱ्यात वासाच उचलला जातो. म्हणून त्या दोन बाजूंना आधी खांबांना दोन्ही अंगांनी 2 बाय 6 इंची जोडफळ्या घातल्या, मुख्य तुळईच्या लगेच खाली, तिच्या बोल्टांना आड येणार नाहीत अशा. त्यांच्या खालून सात फूट मोकळे राहिले.

काम या क्रमाने केलं. चारही कोपऱ्यांजवळ तुळईखाली बल्ल्या लावल्या, कारण एकही बोल्ट सोडण्याआधी वजन दुसरीकडे गेलं पाहिजे. दोन खांब ओळंब्यात नव्हते, ते दोरीला पीळ देऊन हळूहळू सरळ आणले आणि कर्ण मोजून चौकोन जुळवला. दोन्ही कर्णांत 5 मिमीपेक्षा जास्त फरक ठेवला नाही. मग आठ टेके, प्रत्येक खांबाला दोन, दोन दिशांना. टेका 4 इंच रुंद असल्याने जोडफळ्यांच्या मधे नेमका बसतो. वरच्या टोकाला फळी, टेका, फळी असा आरपार 12 मिमीचा बोल्ट. खालच्या टोकाला खांबात अर्ध्या इंचाची उथळ खाच, टेक्याचं कापलेलं टोक तिच्यात घट्ट, आणि आरपार बोल्ट, त्याचं डोकं खांबाच्या मागच्या अंगाला रुंद वायसरवर.

खाच अर्ध्या इंचाहून खोल घेऊ नका. वारा खांबाला सगळ्यात जास्त वाकवतो ते नेमकं टेक्याच्या खालच्या टोकाशी. 4 इंची खांबाची जाडी तिथे निम्मी केली तर त्याची वाकण सोसायची ताकद निम्मी होत नाही, पावपट होते. आणि बोल्ट टाळू नका. वारा एका बाजूने आला की टेका खांबाला दाबतो, तेव्हा खाच पुरते. उलटा आला की तोच टेका ओढला जातो, आणि मग खाच काहीच धरत नाही.

शेवटी पुन्हा काटा लावला. लांबीला 4 मिमी, रुंदीला 6. पायाच्या फास्टनरला आम्ही हातही लावला नव्हता.

सातवी: पाया. सगळ्यात महाग, म्हणून सगळ्यात शेवटी.

पहिल्या तपासणीत प्लेट जमिनीसकट हलली असेल तरच इथे या. बहुतेक वेळा फास्टनर फरशीत किंवा पेव्हर ब्लॉकमध्ये मारलेला असतो आणि खाली काँक्रीट नसतं, नाहीतर दोन इंचांचा कोबा असतो. खांबाशेजारची एक फरशी काढून पाहा. आत वाळू दिसली तर उत्तर मिळालं.

दीड बाय दीड फुटांचा, दोन फूट खोल काँक्रीटचा ठोकळा साधारण 300 किलोंचा होतो. साध्या पट्ट्यांच्या पर्गोलाला प्रत्येक खांबाखाली एवढं वजन मला पुरेसं वाटतं. फास्टनर काँक्रीटच्या कडेपासून चार इंच तरी आत हवा, नाहीतर आवळतानाच कड फुटते. केमिकल अँकर वापरत असाल तर भोकातली धूळ ब्रशने आणि फुंकणीने पूर्ण काढा. धूळ राहिली की रसायन काँक्रीटला न धरता धुळीला धरतं आणि अख्खी सळई हाताने वर येते.

कुठे थांबायचं

गच्चीवरचा पर्गोला असेल तर पहिल्या चार तपासण्यांपुढे जाऊ नका. स्लॅबला भोक म्हणजे गळती, आणि वाऱ्याची ओढ स्लॅबला झेपते का हे स्ट्रक्चरल इंजिनीअरच सांगू शकतो. पॅरापेटला प्लेट ठोकून तर मुळीच भागवू नका, ती भिंत ओढीसाठी बांधलेली नसते.

वर पत्रा किंवा कायमचं छप्पर असेल, दोन खांबांमधलं अंतर बारा फुटांहून जास्त असेल, पर्गोलाची एक बाजू घराच्या भिंतीला धरलेली असेल, किंवा ठोकळ्याला आरपार चीर गेली असेल, तर इंजिनीअर बोलवा. खांब कुजलेला असेल, धाग्याच्या दिशेने बोल्टापासून टोकापर्यंत चिरला असेल, किंवा ओढल्यावर इंचभर कलून परत येत नसेल, तर त्याखाली बसणं त्याच दिवशी बंद करा, बल्ल्या लावा आणि सुताराला बोलवा. पर्गोलावरून वीजतारा जात असतील तर शिडी लावण्याआधी वीज बंद करून घ्या.

टेके नीट बसवूनही काट्यावर 20 किलोला 15 मिमीपेक्षा जास्त सरकत असेल, तर आणखी बोल्ट मारत बसू नका. मग खांबच बारीक आहेत. 3 इंची खांबांवर आठ फूट उंचीचा पर्गोला बांधलेला मी अनेक ठिकाणी पाहिलाय, आणि तिथे खांब बदलण्यावाचून मला दुसरा उपाय सापडलेला नाही.